सरासरीच्या कँडल्स: हायकिन आशी चार्टवरून कल कसा वाचावा आणि सौद्याचा भाव तिथून का घेऊ नये

३ जून २०२४ हा सोमवार होता. लोकसभा निवडणुकीचे एक्झिट पोल शनिवारी संध्याकाळी जाहीर झाले होते आणि त्यांच्या जोरावर निफ्टी ५० हा निर्देशांक शुक्रवारच्या २२,५३१ या बंद भावावरून एकदम २३,३३८ वर उघडला. नंतर दिवसभर तो थोडा खालीच सरकला आणि २३,२६४ वर बंद झाला. उघडला त्यापेक्षा खाली बंद झाल्यामुळे नेहमीच्या कँडलस्टिक चार्टवर त्या दिवसाची कँडल लाल आहे. त्याच दिवसाची हायकिन आशी कँडल, म्हणजे खऱ्या भावांच्या सरासऱ्यांवरून काढलेली कँडल, मात्र हिरवी आहे, सहाशेहून अधिक अंक लांब आहे, आणि तिच्या खालच्या बाजूला विक, म्हणजे बारीक रेघ, अजिबात नाही. हायकिन आशीच्या प्रचलित नियमांनुसार खालची विक नसलेली लांब हिरवी कँडल म्हणजे जोरदार तेजी. दुसऱ्या दिवशी, मतमोजणीच्या दिवशी, निफ्टी १,३७९ अंकांनी कोसळला.

यावरून हायकिन आशी निरुपयोगी ठरत नाही. मतमोजणीचा निकाल कोणत्याही चार्टला आधी कळणार नव्हता. प्रश्न वेगळाच आहे: ती लांब हिरवी बॉडी, म्हणजे उघड्या आणि बंद भावांमधला जाड भाग, ज्या भावपट्ट्यात काढलेली आहे, त्यातल्या बऱ्याच मोठ्या भागात त्या दिवशी निफ्टी फिरकलाच नव्हता. कल समजून घेण्यासाठी असे चित्र चालते, परंतु खरेदी-विक्रीचा भाव ठरवण्यासाठी ते चालत नाही. हा फरक नेमका कुठून येतो आणि त्याला धरून काम कसे करावे, हे याच आठवड्याच्या आकड्यांवरून पायरीपायरीने पाहू. सर्व आकडे पूर्णांकात घेतले आहेत.

पहिली पायरी: कँडल स्वतः मांडून पाहणे

साध्या कँडलमध्ये चार खरे भाव असतात: दिवसाचा पहिला, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा. हायकिन आशीमध्ये या चारांपासून नवे चार आकडे तयार केले जातात. नवा बंद भाव म्हणजे त्या दिवसाच्या चारही खऱ्या भावांची सरासरी. नवा उघडा भाव म्हणजे आदल्या हायकिन आशी कँडलच्या बॉडीचा मध्यबिंदू. म्हणजेच आजच्या उघड्या भावाशी त्याचा काहीही संबंध नसतो. नवा उच्चांक म्हणजे खरा उच्चांक आणि हे दोन नवे आकडे यांतील सर्वांत मोठा, आणि नवा नीचांक म्हणजे खरा नीचांक आणि तेच दोन आकडे यांतील सर्वांत लहान.

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये A स्तंभात तारीख आणि B ते E मध्ये अनुक्रमे खरा उघडा भाव, उच्चांक, नीचांक व बंद भाव भरावा. पहिल्या ओळीत शीर्षके आहेत असे धरून सूत्रे अशी होतात:

```
F2: =(B2+E2)/2
I2: =AVERAGE(B2:E2)
F3: =(F2+I2)/2
I3: =AVERAGE(B3:E3)
G3: =MAX(C3,F3,I3)
H3: =MIN(D3,F3,I3)
```

यात F हा हायकिन आशीचा उघडा भाव, G उच्चांक, H नीचांक आणि I बंद भाव आहे. तिसऱ्या ओळीतील सूत्रे खाली ओढली की पुढची मांडणी आपोआप होते. दुसऱ्या ओळीतील उच्चांक व नीचांक त्याच पद्धतीने भरावेत. पहिल्या कँडलला मागची कँडल नसल्यामुळे तिचा उघडा भाव खऱ्या उघड्या आणि बंद भावाची सरासरी म्हणून धरला जातो. ही सुरुवात थोडी मनाची असते, त्यामुळे तुमच्या शीटमधला पहिला आकडा स्क्रीनवरच्या आकड्याशी जुळणार नाही. मात्र ही तफावत प्रत्येक कँडलगणिक निम्मी होत जाते आणि दहा कँडल्सनंतर ती हजाराव्या हिश्श्याहूनही कमी उरते. म्हणून शीट तयार करताना हव्या त्या तारखेच्या किमान वीसेक कँडल्स आधीपासून आकडे भरावेत. इथे जागा वाचवण्यासाठी मी ३१ मेपासूनच सुरुवात केली आहे. त्यामुळे पहिल्या काही दिवसांचे हायकिन आशी आकडे, विशेषतः ३१ मे आणि ३ जूनचे, तुमच्या चार्टपेक्षा बरेच वेगळे दिसतील, पण ३ जूनपासून पुढे एकाही दिवसाचा रंग त्यामुळे बदलत नाही.

| दिवस (२०२४) | खरा उघडा | खरा उच्चांक | खरा नीचांक | खरा बंद | हायकिन आशी उघडा | हायकिन आशी बंद |
|---|---|---|---|---|---|---|
| ३१ मे | २२,५६८ | २२,६५४ | २२,४६५ | २२,५३१ | २२,५५० | २२,५५५ |
| ३ जून | २३,३३८ | २३,३३९ | २३,०६२ | २३,२६४ | २२,५५२ | २३,२५१ |
| ४ जून | २३,१८० | २३,१८० | २१,२८१ | २१,८८५ | २२,९०१ | २२,३८२ |
| ५ जून | २२,१२८ | २२,६७० | २१,७९२ | २२,६२० | २२,६४१ | २२,३०३ |
| ६ जून | २२,७९९ | २२,९१० | २२,६४३ | २२,८२१ | २२,४७२ | २२,७९३ |
| ७ जून | २२,८२२ | २३,३२० | २२,७८९ | २३,२९० | २२,६३३ | २३,०५५ |

३ जूनची ओळ हाताने करून पाहावी. चार खऱ्या भावांची बेरीज ९३,००३ होते आणि तिला चाराने भागले की २३,२५१ हा नवा बंद भाव मिळतो. नवा उघडा भाव ३१ मेच्या दोन नव्या आकड्यांच्या मध्यावर, म्हणजे २२,५५२ वर येतो. खरा नीचांक २३,०६२ असला तरी २२,५५२ त्याहून लहान असल्यामुळे तोच नवा नीचांक ठरतो, आणि बॉडी स्वतःच नीचांकापासून सुरू झाल्यामुळे खालची विक उरत नाही.

दुसरी पायरी: रंग खरे काय सांगतो

हायकिन आशीबद्दल जे काही गूढ बोलले जाते ते एका साध्या निरीक्षणात विरघळते. नवा उघडा भाव हा मागच्या नव्या उघड्या आणि बंद भावाचा मध्य असतो. मागचा उघडा भाव त्याच्या मागच्याचा, आणि असेच पुढे. ही साखळी उलगडली की आजच्या उघड्या भावात कालच्या सरासरी भावाला निम्मे वजन, परवाच्याला पाव, त्याआधीच्याला एक अष्टमांश, असे निम्म्यानिम्म्याने घटणारे वजन मिळालेले दिसते. मूव्हिंग ॲव्हरेज वापरणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल, कारण ही दिवसाच्या सरासरी भावाची ३ कालावधीची एक्स्पोनेन्शियल मूव्हिंग ॲव्हरेज आहे, फक्त एक दिवस मागे ठेवलेली.

म्हणजे कँडल हिरवी आहे याचा अर्थ एवढाच: आजचा सरासरी भाव कालपर्यंतच्या त्या चालत्या सरासरीच्या वर आहे. लाल याचा अर्थ तो खाली आहे. ५ जूनला निफ्टी आदल्या बंद भावापेक्षा तब्बल ७३५ अंकांनी वर बंद झाला तरी हायकिन आशी कँडल लाल राहिली, याचे कारण आता स्पष्ट होईल. त्या दिवशी निर्देशांक बराच वेळ खाली होता, त्याचा सरासरी भाव २२,३०३ आला, आणि चालती सरासरी अजून २२,६४१ वर होती. चार्ट चुकला नाही. त्याला विचारलेला प्रश्नच तो होता.

दैनंदिन चढउतारांतून कल दिसण्याचे कारणही हेच आहे. समजा एखादा भाव दररोज सरासरी ५० अंकांनी चढतो आहे आणि ही चाल काही दिवस टिकली आहे. तेव्हा चालती सरासरी मागे राहिल्यामुळे हायकिन आशीची बॉडी सुमारे १०० अंकांची, म्हणजे रोजच्या चढाच्या दुप्पट होते, आणि उद्याचा उघडा भाव आजच्या नव्या बंद भावाच्या ५० अंक खाली बसतो. उद्याची कँडल लाल व्हायची असेल तर उद्याचा सरासरी भाव आजच्यापेक्षा ५० अंकांहून जास्त घसरायला हवा. एखादा किरकोळ नफावसुलीचा दिवस, ज्यात खरी कँडल लाल होते, तेवढी घसरण देत नाही, आणि म्हणून हिरव्या कँडल्सची रांग तुटत नाही. चाल मंदावली की बॉडी आखडते आणि रंग बदलायला लागणारी घसरणही कमी होते. त्यामुळे बॉडीची लांबी हा चालीच्या वेगाचा बऱ्यापैकी प्रामाणिक मापक आहे, आणि माझ्या मते रंगापेक्षा तोच अधिक उपयोगी आहे.

खालची विक नसणे यालाही नेमका अर्थ आहे. हिरव्या कँडलला खालची विक नसेल तर त्या दिवशी खरा भाव चालत्या सरासरीपर्यंत एकदाही खाली आला नाही. तेजी पक्की असताना असे होतेच. परंतु ३ जूनप्रमाणे मोठ्या गॅपनेही, म्हणजे बाजार आदल्या बंद भावापासून दूर उघडल्यानेही, असेच होते, आणि हायकिन आशी चार्टवर या दोन गोष्टी सारख्याच दिसतात.

तिसरी पायरी: उद्याची रेषा आज रात्री लिहून ठेवणे

उद्याचा हायकिन आशी उघडा भाव आज बाजार बंद झाल्यावरच ठरलेला असतो, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ६ जूनच्या रात्री २२,४७२ आणि २२,७९३ यांचा मध्य काढला की २२,६३३ हा आकडा हाती येतो. ७ जूनचा सरासरी भाव याच्या वर राहिला तर कँडल हिरवी आणि खाली गेला तर लाल, एवढेच दुसऱ्या दिवशी पाहायचे असते. ही रेषा वहीत किंवा शीटमध्ये आधीच लिहिलेली असली की दिवसभर रंगाकडे टक लावून बसण्याची गरज उरत नाही.

तसे बसणे धोक्याचेही आहे. चालू कँडलचा नवा बंद भाव त्या क्षणापर्यंतच्या उच्चांक, नीचांक आणि शेवटच्या भावावरून काढला जातो, त्यामुळे दुपारी हिरवी दिसणारी कँडल साडेतीन वाजेपर्यंत लाल होऊ शकते. मागे वळून चार्ट पाहताना मात्र केवळ शेवटचा रंग दिसतो आणि ‘इथे तर सकाळीच कळले असते’ असा भास होतो. संकेत कँडल बंद झाल्यावरच धरावा, हा नियम इतर चार्टपेक्षा इथे अधिक कडकपणे पाळावा लागतो.

दिवसांतर्गत चार्टवर आणखी एक अडचण येते. सकाळी सव्वानऊला सुरू होणाऱ्या पहिल्या कँडलचा उघडा भाव पूर्णपणे कालच्या शेवटच्या कँडल्समधून आलेला असतो. १५ मिनिटांच्या चार्टवर दुसऱ्या कँडलमध्ये कालचा वाटा निम्मा, तिसरीत पाव असतो, आणि सव्वादहाला सुरू होणाऱ्या पाचव्या कँडलमध्ये तो एक षोडशांश उरतो. बाजार गॅपने उघडलेल्या दिवशी पहिल्या तासाचे रंग आजच्या चालीपेक्षा रात्रीतून पडलेल्या अंतराबद्दलच बोलत असतात.

चौथी पायरी: लपलेला भाव ओळखणे

आता मुख्य मुद्दा. एखाद्याने असा साधा नियम ठरवला आहे असे समजू: दिवसाची हायकिन आशी कँडल लाल झाली की दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच विकायचे, आणि हिरवी झाली की दुसऱ्या दिवशी उघडताच घ्यायचे. निर्देशांक थेट विकत घेता येत नाही, पण हिशेबापुरते तो घेता येतो असे धरू. ३ जूनला हा माणूस खरेदी करून बसलेला आहे.

४ जूनची कँडल लाल झाली. हायकिन आशी चार्टवर ५ जूनचा उघडा भाव २२,६४१ दिसतो, म्हणून चार्टच्या हिशेबाने विक्री २२,६४१ ला झाली. ६ जूनची कँडल हिरवी झाली आणि ७ जूनचा उघडा भाव २२,६३३ दिसतो, म्हणून पुन्हा खरेदी २२,६३३ ला झाली. म्हणजे वर विकून खाली घेतले, ८ अंकांचा फायदा झाला आणि बाजारातील इतक्या मोठ्या उलथापालथीतून हा नियम अलगद बाहेर आला.

खऱ्या भावांवर हेच पाहावे. ५ जूनला बाजार २२,१२८ वर उघडला, तेव्हा विक्री तिथे झाली. ७ जूनला तो २२,८२२ वर उघडला, तेव्हा खरेदी तिथे झाली. विकलेल्या भावापेक्षा ६९४ अंक जास्त देऊन तीच वस्तू परत घेतली. नियम तोच, तारखा त्याच, संकेतही तेच. फरक केवळ चार्टने उघडा भाव म्हणून दाखवलेल्या आकड्याचा. ७ जूनचा खरा नीचांक २२,७८९ होता, म्हणजे २२,६३३ ला त्या दिवशी एकही क्षण खरेदी शक्य नव्हती.

हा योगायोग नाही, आणि यातली चूक कधी इकडे तर कधी तिकडे अशी समान वाटलेलीही नसते. खरेदीचा संकेत भाव वर गेल्यावर येतो, आणि तेव्हा मागे रेंगाळणारा हायकिन आशी उघडा भाव खऱ्या भावाच्या खाली असतो. विक्रीचा संकेत भाव पडल्यावर येतो, आणि तेव्हा तोच आकडा खऱ्या भावाच्या वर असतो. म्हणून चार्टवर खरेदी नेहमी स्वस्त आणि विक्री नेहमी महाग दिसण्याकडे ओढ असते. तोलताना प्रत्येक वेळी आपल्याच बाजूने झुकणाऱ्या काट्यासारखे हे आहे. हायकिन आशीवर डोळे दिपवणारे निकाल दाखवणाऱ्या कितीतरी तयार पद्धतींचे रहस्य इतकेच असते, असे मला वाटते.

बंद भावही असाच फसवा असतो. ४ जूनला निफ्टी २१,८८५ वर बंद झाला, पण हायकिन आशीचा बंद भाव २२,३८२ आहे. जवळजवळ पाचशे अंकांचा फरक. ज्या सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडच्या भावपट्टीवर शेवटच्या सौद्याऐवजी हायकिन आशीचा आकडा दिसतो, तिथे चालू भावच चुकीचा वाचला जातो. चार्टच्या सेटिंगमध्ये भावपट्टीवर खरा भाव दाखवण्याची सोय असेल तर ती सुरू करून ठेवावी. नसेल तर चालू भाव ऑर्डरच्या खिडकीतूनच पाहावा.

हे आकडे सौद्याचे नाहीत याची एक साधी खूण शेअरच्या चार्टवर मिळते. ५०० रुपयांच्या आसपासच्या शेअरचा भाव एनएसईवर ५ पैशांच्या पटीतच हलतो. हायकिन आशीच्या चौकटीत मात्र ५१२.३१ किंवा ४९८.८७ असे आकडे दिसू शकतात. त्या भावाची ऑर्डर टाकायला गेलात तर ती स्वीकारलीच जाणार नाही.

पाचवी पायरी: स्टॉप लॉस आणि संख्या

प्रवेशाचा भाव चुकला की त्याच्या मागोमाग जोखमीचा हिशेबही चुकतो, आणि पैशांच्या दृष्टीने ही चूक अधिक महागात पडते. ७ जूनच्या खरेदीसाठी कोणी ६ जूनच्या हायकिन आशी कँडलच्या तळाशी, २२,४७२ वर, स्टॉप लॉस ठेवायचे ठरवले असे समजू. चार्टवर प्रवेश २२,६३३ दिसतो, म्हणून जोखीम १६१ अंकांची वाटते. या सौद्यात १०,००० रुपयांहून अधिक गमवायचे नाहीत असे ठरले असेल आणि एका अंकाला एक रुपया धरला, तर ६२ एकके घेता येतात.

खरा प्रवेश २२,८२२ ला होतो. स्टॉप तिथून ३५० अंक दूर आहे. ६२ एककांवर तो लागला तर तोटा २१,७०० रुपयांचा होईल, म्हणजे ठरवल्याच्या दुपटीहून जास्त. योग्य संख्या २८ होती.

शिवाय २२,४७२ या आकड्याला स्वतःचे काही महत्त्व नाही. ६ जूनला निफ्टी २२,६४३ च्या खाली गेला नव्हता. त्यामुळे २२,४७२ वर ना कोणी खरेदीदार उभा राहिलेला दिसला, ना तिथून भाव उसळला. तो दोन सरासऱ्यांचा मध्य आहे. स्टॉप जिथे बाजाराने खरोखर पाय टेकले तिथून मोजावा. या उदाहरणात तसा जवळचा नीचांक ५ जूनचा २१,७९२ आहे आणि तो प्रवेशापासून १,०३० अंक दूर आहे. १०,००० रुपयांच्या मर्यादेत तेव्हा ९ एककेच बसतात. एवढी कमी संख्या किंवा एवढा लांबचा स्टॉप परवडत नसेल, तर तो सौदा सोडून देणे हेच त्याचे उत्तर आहे. स्टॉप जवळचा दिसावा म्हणून काल्पनिक तळ शोधणे हे उत्तर नव्हे. एव्हरेज ट्रू रेंज वापरून स्टॉप ठरवणाऱ्यांनीही तो खऱ्या कँडल्सवर काढावा, कारण हायकिन आशी कँडल्समध्ये गॅप उरत नाहीत आणि पट्टाही बदललेला असतो. हेच आरएसआय आणि मूव्हिंग ॲव्हरेजला लागू आहे: ते हायकिन आशी चार्टवर लावले की अनेक ठिकाणी आधीच सरासरी काढलेल्या आकड्यांवर पुन्हा सरासरी काढली जाते आणि संकेत आणखी उशिरा येतो.

सहावी पायरी: दोन चार्ट, दोन कामे

यातून कामाची पद्धत अशी निघते. स्क्रीनवर एकाच शेअरचे, एकाच कालावधीचे दोन चार्ट वर-खाली ठेवावेत: वर हायकिन आशी, खाली साध्या कँडल्स. वरच्या चार्टला फक्त तीन प्रश्न विचारावेत: रंग कोणता, बॉडी वाढते आहे की आखडते आहे, आणि कलाच्या उलट दिशेला विक आली आहे का. भावाबद्दलचा प्रत्येक प्रश्न, म्हणजे आधार कुठे, अडथळा कुठे, गॅप कुठे, कोणत्या भावाला घ्यायचे आणि कुठे चूक मान्य करायची, खालच्या चार्टला विचारावा. आडव्या रेषा वरच्या चार्टवर काढूच नयेत.

वरचा चार्ट हिरवा झाल्यावर लगेच बाजारभावाने घेण्याआधी खालच्या चार्टवर एक नजर टाकावी: हा रंग दिवसभराच्या चढामुळे आला की एका गॅपमुळे? ३ जूनचे उदाहरण इथे उपयोगी पडते. सगळी वाढ शुक्रवारचा बंद आणि सोमवारचा उघडा यांच्या मध्ये झाली होती, आणि ज्याच्याकडे शुक्रवारी शेअर नव्हते त्याला त्यातले काहीच मिळणार नव्हते. अशा वेळी खऱ्या उघड्या भावाच्या वर बाजार टिकतो का, हे आणखी एक दिवस पाहून मग निर्णय घेणे मी पसंत करीन, जरी त्यात कधीतरी चांगली चाल हुकते.

आडव्या बाजारात या पद्धतीकडून फार अपेक्षा ठेवू नये. मुळात ती तीन दिवसांच्या छोट्या सरासरीची आहे, त्यामुळे भाव एका पट्ट्यात घुटमळत असताना रंग दर दोन-तीन दिवसांनी पालटतो आणि प्रत्येक पालटाला दलाली, कर आणि वर सांगितलेले खऱ्या भावाचे अंतर मोजावे लागते. जून २०२४ नंतर निफ्टीची मोठी चाल वरच होती आणि २७ सप्टेंबरला त्याने २६,२७७ चा उच्चांक गाठला, तरी ५ ऑगस्टसारखा ६६२ अंकांच्या पडझडीचा दिवस मध्ये आलाच आणि दैनंदिन रंग लाल झालाच. ज्याला महिनोन्‌महिन्यांची चाल धरायची आहे त्याने साप्ताहिक कँडल्सचा रंग मुख्य मानून दैनंदिन रंगाकडे केवळ प्रवेशाची वेळ म्हणून पाहावे.

सातवी पायरी: बॅकटेस्ट खऱ्या भावांवर

ट्रेडिंगव्ह्यूवर चार्ट हायकिन आशी ठेवून स्ट्रॅटेजी चालवली की सौदेही मूळ सेटिंगमध्ये हायकिन आशीच्या आकड्यांवरच झालेले धरले जातात, आणि चौथ्या पायरीतला ८ अंकांचा खोटा फायदा तिथे निकाल म्हणून छापला जातो. त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे `strategy()` मध्ये `fill_orders_on_standard_ohlc=true` लिहिणे, ज्यामुळे संकेत हायकिन आशीवरून आणि सौदा खऱ्या भावाला होतो. दुसरा, आणि मला अधिक खात्रीचा वाटणारा, म्हणजे चार्ट साध्या कँडल्सचाच ठेवून हायकिन आशी आतल्या आत मोजणे:

```
//@version=5
strategy("HA color test", overlay=true)
haC = ohlc4
var float haO = na
haO := na(haO[1]) ? (open + close) / 2 : (haO[1] + haC[1]) / 2
if haC > haO
    strategy.entry("L", strategy.long)
else
    strategy.close("L")
```

इथे `open` आणि `close` हे खरे भाव आहेत, आणि संकेत मिळालेल्या कँडलच्या पुढच्या कँडलच्या खऱ्या उघड्या भावाला सौदा होतो. सेटिंगमध्ये दलाली आणि स्लिपेज हेही भरावे. मग हाच नियम हायकिन आशी चार्टवर चालवून दोन्ही निकाल शेजारी ठेवावेत. त्यांतील अंतर म्हणजे चार्टने लपवलेली रक्कम.

दुसऱ्या कोणी दाखवलेला हायकिन आशीचा निकाल तपासायचा असेल तर कोडची गरज नाही. त्याच्या सौद्यांच्या यादीतले दहा सौदे निवडावेत, प्रत्येकाची तारीख आणि भाव घ्यावा आणि एनएसईच्या संकेतस्थळावरील त्या दिवसाच्या खऱ्या उच्चांक-नीचांकाशी ताडून पाहावा. एकही खरेदी त्या दिवसाच्या नीचांकाच्या खाली किंवा एकही विक्री उच्चांकाच्या वर आढळली, तर ती यादी खऱ्या भावांवर बनलेली नाही. ज्या सौद्यांचे भाव दिवसाच्या पट्ट्यात बसतात तेही खऱ्या उघड्या भावाशी जुळतात का ते पाहावे, कारण ५ जूनची २२,६४१ ची विक्री त्या दिवसाच्या २१,७९२ ते २२,६७० या पट्ट्यात बरोबर बसते आणि तरीही सकाळी सव्वानऊला तो भाव कोणालाही मिळालेला नव्हता.